हाताला कळतं

त्या सकाळी दार उघडलं तेव्हा मावशींच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिंधी बांधलेली होती. चिंधीचा मूळ रंग कुठला, हे सांगता आलं नसतं. मधोमध एक तपकिरी डाग वाळून कडक झाला होता. कचऱ्याची बादली त्यांनी डाव्या हाताने उचलली आणि आज पाऊस येईल का असं विचारावं इतक्या सहज आवाजात विचारलं, "ताई, काल काच टाकली होती का तुम्ही?" मी "नाही" म्हणाले. विचार करायच्या आधीच तोंडातून ते निघून गेलं. त्यांनी मान हलवली, "असंल दुसऱ्या कुणाची," म्हणाल्या आणि पुढच्या दाराकडे वळल्या. मी दार लावून आत आले, ओट्यापाशी उभी राहिले आणि तेव्हा आठवलं. आदल्या दिवसाच्या कचऱ्यात काच होती. रात्री पाण्याचा जाड ग्लास हातातून सुटला होता. मी तुकडे केरसुणीने गोळा केले होते, एका पातळ पिशवीत भरून गाठ मारली होती आणि ती पिशवी ओल्या कचऱ्याच्या तळाशी खोल दाबली होती. खोल दाबायचं कारणही मला स्पष्ट आठवत होतं. घरातल्या कुणाच्या हाताला लागू नये म्हणून.

घरातल्या.

तीन दिवस मी गप्प राहिले. रोज दार उघडताना नजर आधी त्या बोटाकडे जायची. दुसऱ्या दिवशी चिंधी बदललेली होती, पण बोट जाड दिसत होतं. तिसऱ्या दिवशी सूज पंजाच्या मागच्या बाजूला उतरली होती आणि मावशी बादली कोपरात अडकवून नेत होत्या. तेव्हा मी सांगितलं, की काच माझीच होती, मी खोटं बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता आणि माफीही नव्हती. म्हणाल्या, "ठाऊक होतं. ग्लासाच्या बुडाचा तुकडा होता, जाडजूड. ह्या मजल्यावर तसले ग्लास तुमच्याकडंच हायेत." मला घाम फुटला. पकडले गेले याचा नव्हे. या बाईला माझं घर आतून माहीत आहे, याचा. कुणाकडे पाहुणे येऊन गेले, कुणाचं औषध बदललं, कुणाच्या घरात बाळ आहे, कोण एकाएकी एकटं राहू लागलं, हे सगळं रोज त्यांच्या हाताखालून जातं. आणि मला मात्र त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं, की त्या सव्वासातला येतात.

दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी जखम उघडली, धुतली आणि आतून काचेची एक कपची काढली, तांदळाच्या कणीएवढी. स्वच्छ काचेने कापलं असतं तर दोन दिवसांत भरून आलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. पण कापलं तेव्हाच बोट कुजत्या ओल्या कचऱ्यात होतं आणि पुढचे तीन दिवसही तिथेच जात होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग त्यांनी विचारलं, "सुई टोचलीय कधी?" मावशी म्हणाल्या, "लई वेळा." डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. कावीळ ब ची लस घेतली आहे का? नाही. त्या लसीचे तीन डोस असतात: पहिला, मग महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. पहिला त्याच दिवशी दिला. सुई टोचली तर ती जागा लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायची, बोट पिळून रक्त काढत बसायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हेही सांगितलं; कारण एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगी पडतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाहतं पाणी कुठनं आणू?" त्यांच्या फेरीत सकाळी सातपासून दुपारपर्यंत एकही नळ त्यांचा नाही. पाणी मागता येतं, पण हात कशाने भरले आहेत ते बघून लोक मागे सरतात, हे त्यांना पाठ झालं आहे. नळ नाही तसं स्वच्छतागृहही नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणीच कमी पितात. लघवीची जळजळ हा त्यांच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीचा जुना आजार. त्याला त्या आजार म्हणतही नाहीत.

बाहेर आल्यावर, स्वतःला फार समजूतदार मानत, मी म्हणाले, की मी तुम्हाला चांगले जाड हातमोजे आणून देते. त्या म्हणाल्या, "हायेत की. पेटीत हायेत." मग का घालत नाही? त्यांनी चिंधीचं बोट वर केलं. "ताई, मोजा घातला की हाताला कळत नाही."

हे वाक्य मला आठवडाभर पुरलं. म्हणून एका दुपारी मी त्यांच्या निवडायच्या शेडमध्ये जाऊन बसले. वर पत्रा, तीन बाजूंना जाळी, खाली सिमेंटची फरशी. वास होता, पण मला वाटला होता तसा नव्हता. ओल्या पुठ्ठ्याचा आंबूस वास, त्यावर साबणाचे रिकामे डबे, त्यावर कुठून तरी आलेला अत्तराचा झटका. सहा-सात बायका आपापल्या ढिगापुढे बसल्या होत्या. एक पाय दुमडलेला, एक पसरलेला, आणि हात इतके भरभर चालत होते, की सुरुवातीला मला नुसतं काही तरी फेकलं जातंय एवढंच दिसलं. हळूहळू डोळा बसला. पुठ्ठा एकीकडे. वह्यांचा पांढरा कागद एकीकडे, वर्तमानपत्र निराळं, कारण पांढऱ्याला भाव जास्त. पत्र्याचा डबा वेगळा, ॲल्युमिनियमचा वेगळा. शंका आली की दोरीला बांधलेला लोहचुंबक टेकवायचा, चिकटला तर पत्रा. आणि मग प्लास्टिक. आपण ज्याला एका शब्दात प्लास्टिक म्हणून मोकळे होतो, त्याचे तिथे नऊ ढीग होते. मी मोजले.

मावशी एक पारदर्शक बाटली उचलत, अंगठा तिच्या बुडाच्या मधोमध फिरवत आणि बाटली एका ढिगात जाई. दुसरी उचलत, अंगठा फिरवत, आणि ती दुसरीकडे जाई. मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. त्यांनी माझा अंगठा धरून बुडावर ठेवला. तिथे एक बारीक टिंब होतं, बेंबीसारखं. पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, ज्याला पेट म्हणतात, आधी साच्यात टोचून त्याची छोटी नळी बनवतात आणि मग ती फुगवतात. टोचल्याची खूण म्हणजे ते टिंब. दुसरीच्या बुडाला टिंब नव्हतं, आडवी शिवण होती. ती बाटली दुसऱ्या पद्धतीने बनलेली आणि बहुधा दुसऱ्या प्लास्टिकची. तरीही शंका असेल तर प्लास्टिक दुमडून बघायचं. घडीवर पांढरी रेघ उमटली तर ते पीव्हीसी असण्याची शक्यता मोठी. पीव्हीसी पेटमध्ये गेलं तर काय होतं ते मी नंतर वाचून घेतलं. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या वर तापवावं लागतं. पीव्हीसीला तेवढी उष्णता सोसत नाही. ते आधीच करपतं, त्यातून आम्ल सुटतं आणि सगळा माल पिवळा पडतो, त्यात काळे कण दिसतात, तो ठिसूळ होतो. दहा हजार किलोत एखादा किलो पीव्हीसीही घाण करायला पुरतो. पुढे कारखान्यात बाटल्या दळून पाण्यात टाकतात तेव्हा झाकणाचे तुकडे तरंगतात आणि पेट बुडतं, म्हणून ती दोन सहज वेगळी होतात. पण पेट आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात. पाणी त्यांना वेगळं करू शकत नाही. अंगठा करू शकतो.

म्हणून मोजा पेटीत राहतो. जाड मोज्यातून टिंब लागत नाही, पिशवीचा कडकपणा कळत नाही, चुरगळल्यावर येणारा आवाज बोटांत उतरत नाही. उन्हाळ्यात आत घाम साचून कातडी सोलते, आणि एकदा आत ओलं गेलं की मोज्याने हात झाकला जातो तो घाणीसकट. बायका आळशी आहेत, त्यांना आरोग्याची जाण नाही, त्यांना 'जागरूक' केलं पाहिजे, अशी वाक्यं मी सभांमधून ऐकली आहेत आणि कधी मनातल्या मनात मानही डोलावली आहे. पण तो हात हे त्यांचं अवजार आहे. सुताराला रंधा बोथट करून काम कर म्हणावं, तसं ते सांगणं आहे. त्या तळहाताला बरबटू न देण्याची जागा हाताच्या फार आधी, आमच्या ओट्यापाशी आहे. ओलं आणि सुकं वेगळं आलं, काच आणि सुई वेगळी बांधून आली, तर सुक्याच्या ढिगात उघडा हातही बराचसा सुरक्षित असतो. मिसळून आलं तर पोलादी मोजाही सुई थांबवेल असं नाही.

आणि त्याच मिसळण्यात त्यांचा पैसाही जातो, हे मला त्या दुपारच्या शेवटी कळलं. भंगारवाल्याचा टेम्पो आला. मावशींचा पुठ्ठा काट्यावर चढला, काटा थांबला, आणि भंगारवाल्याने गठ्ठ्याच्या पोटात हात घातला. तोही हातानेच बघतो. हात बाहेर काढून म्हणाला, "ओला हाय," आणि चार किलो कापले. मावशी भांडल्या, तो दोनवर आला. हा पुठ्ठा सकाळी कुणाच्या तरी घरातून कोरडा ठाक निघाला असेल. वाटेत त्याच बादलीतल्या ओल्याने तो भिजला. भिजलेला पुठ्ठा वजनाला जास्त भरतो म्हणून व्यापारी कापतो आणि अंदाजाने कापतो, आणि अंदाज नेहमी त्याच्याच बाजूने झुकतो. तेलाने माखलेला कागद तर तो घेतच नाही. लगद्यात तेल उतरतं. अशा रीतीने सकाळच्या ढिगातला जो माल विकला गेला असता, त्यातला काही भाग आमच्या निष्काळजीपणाने कचरा झाला. मावशींच्या त्या दिवसाच्या पोत्यांत एक पोतं असं होतं जे कुणीच नेणार नव्हतं: चकचकीत पुड्यांचं. प्लास्टिकचा थर, त्यावर धातूचा मुलामा, वर पुन्हा प्लास्टिक. हे थर सोडवणारं परवडण्याजोगं तंत्र नाही, म्हणून भाव नाही. ते पोतं त्यांनी वेचलं, भरलं, उचललं, आणि त्याचं मोल शून्य. शहराचं मात्र काम झालं होतं.

इथून पुढे साखळी लांब आहे. वस्तीतला भंगारवाला, त्याच्यावर मोठा व्यापारी, मग फक्त एकाच मालात मुरलेला ठोक व्यापारी, मग दळणारा, धुणारा, दाणा पाडणारा, आणि शेवटी कारखाना. पायरीगणिक माल निवडून अधिक शुद्ध होतो आणि भाव चढतो. सगळ्यांत खालच्या पायरीवर सगळ्यांत जास्त निवड होते आणि सगळ्यांत कमी पैसा राहतो. वर भाव पडला की तो धक्का मात्र खाली तंतोतंत पोचतो. खनिज तेल स्वस्त झालं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं, आणि मग जुनं कोण घेणार? २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली तेव्हा भंगाराचे भाव असेच कोसळले होते. मावशींना त्या मंदीचं कारण माहीत नव्हतं. त्यांना एवढंच आठवत होतं, की त्या दिवाळीच्या पुढे पोतं तेवढंच भरत होतं आणि हातात निम्मं येत होतं.

मी लहान असताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटची गोल कुंडी होती. शाळेत जाताना तिच्याजवळून नाक दाबून पळायचो. कुंडीत बऱ्याचदा एक बाई उतरलेली असायची, कमरेपर्यंत आत, हातात लोखंडी आकडा. एकदा तिने वर पाहिलं आणि माझी आई म्हणाली, "बघू नकोस." मला वाटलं, त्या बाईला लाज वाटू नये म्हणून आई तसं म्हणाली. आता वाटतं, आपल्याला वाटू नये म्हणून असेल. ती बाई कुणाचा कचरा उपसत होती? त्यात आमचाही होता. ती कुठून आली होती, हे कधी कुणी विचारलं नाही. पुण्यातल्या कचरावेचकांबद्दल वाचताना या प्रश्नाचं एक उत्तर सापडलं: त्यांतल्या कितीतरी कुटुंबांचा शहराकडचा रस्ता १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघतो. आल्या त्या बहुतेक दलित बायका, जमीन नसलेल्या, आणि शहराने त्यांना हात घालू दिला तो फक्त कुंडीत.

पुण्याच्या या गोष्टीत मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो एक साधा पेच. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला वस्तीत गेल्या. मुलांना शिकवायचं तर ती मुलं आयांबरोबर पहाटे कुंड्या का उपसतात ते बघावं लागलं, म्हणून त्या स्वतः बरोबर फिरल्या. त्यातून सुचलं ते असं: घरांनीच सुकं वेगळं काढून थेट बाईच्या हाती दिलं तर? काही घरं तयार झाली. कुंडी गेली, दार आलं. तेवढ्याच वेळात जास्त आणि कोरडा माल. आणि हे चाललंय म्हटल्यावर एका उद्योजकाने गाडी घेऊन त्याच भागातून सुकं गोळा करायचं ठरवलं. म्हणजे कचरा वेगळा करायची सवय लागली या बायकांमुळे, आणि वेगळ्या झालेल्या कचऱ्याचा धनी होणार दुसराच. बायका रस्त्यावर उतरल्या. त्या झगड्यातून १९९३ मध्ये बाबा आढावांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्यांची मागणी पगाराची नव्हती, दयेची तर नव्हतीच. मागणी होती की हा कचरा आम्ही माल केला, त्यावरचा आमचा हात काढू नका.

मला हे समजायला वेळ लागला. इतरांसारखं मलाही वाटायचं, की या बायकांना 'चांगली नोकरी' मिळाली की प्रश्न सुटला. मग कुंडीच्या जागी बंद डबे, बंद डब्यांच्या जागी दाबून भरणारे ट्रक येतात, शहर स्वच्छ दिसतं, आणि ट्रकच्या कंत्राटदाराला पैसे मिळतात ते टनावर. जितकं जास्त डेपोवर नेईल तितकं बिल मोठं. म्हणजे बाईने वाटेत बाजूला काढलेला प्रत्येक किलो त्याच्या बिलातून वजा होतो. तिने केलेलं काम शहराच्या फायद्याचं, आणि शहराच्याच कंत्राटात ते तोट्याच्या रकान्यात. यात कुणी वाईट माणूस असायची गरज नाही. करारातली ओळ पुरते. ट्रकच्या पोटात एकदा दाबलं गेलं, की कागद आणि ओलं वेगळं होत नाही, काच फुटून सगळ्यात मिसळते. राहिलेली बाई डेपोवर जाते, धुरात, जेसीबीच्या पात्याखाली. फिलिपिन्समधल्या पायातासचा कचऱ्याचा डोंगर १० जुलै २००० रोजी पावसात खचला आणि दोनशेच्या वर माणसं गाडली गेली. ती त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहून त्याच्यावर जगत होती.

पुण्याने २००८ मध्ये वेगळा करार केला. पंचायतीतूनच कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि महापालिकेने घरोघर कचरा गोळा करायचं काम तिला दिलं. घरं दरमहा शुल्क देतात, सुका माल विकून आलेले पैसे बायकांचेच, ओलं आणि उरलेलं महापालिकेच्या गाडीत. तीन हजारांहून जास्त कचरावेचक त्यात आहेत. ढकलगाडी आली म्हणजे डोक्यावरचं पोतं गेलं, मानेची शीर वाचली. शेड आली म्हणजे रस्त्यावर बसून निवडणं गेलं. ओळखपत्र आलं म्हणजे पहाटे पोलिसाने हटकलं तर दाखवायला काही तरी आलं. पण ज्या दाराने हे सगळं दिलं, त्याच दारात बाई रोज नवी उभी राहते. महिन्याचं शुल्क मागताना "पुढच्या आठवड्यात या" ऐकायचं. करार संपत आला की पुन्हा अर्ज, पुन्हा मोर्चा; दरम्यान कुणी तरी सांगणार, गाड्याच लावू, सोपं पडेल.

दूर कोलंबियात, बोगोतामध्ये, त्यांनी पेच दुसऱ्या टोकाने सोडवला. तिथल्या कचरावेचकांनी शहराच्या निविदांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, कारण अटीच अशा होत्या की ते आतच येऊ शकत नव्हते. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २००३ मध्ये त्यांची बाजू उचलून धरली, २०११ मध्ये नवी निविदा अडवली, आणि मार्च २०१३ पासून शहर त्यांना टनावर पैसे देऊ लागलं. मालाच्या विक्रीच्या वेगळे, गोळा करून नेण्याच्या सेवेचे. त्या चळवळीच्या नेत्या नोहरा पादिया स्वतः कचरावेचकांच्या घरातल्या. म्हणजे ट्रकला जे माप लावतात तेच बाईच्या पोत्याला लावलं. मला आमच्या शेडमधलं चकचकीत पुड्यांचं पोतं आठवलं. तसा करार असता, तर निदान ते उचलल्याचं कुणी वजन केलं असतं.

त्याच देशात, बारांकिया शहरात, १९९२ च्या मार्चमध्ये एका विद्यापीठाच्या आवारात अकरा कचरावेचकांचे मृतदेह सापडले. पुठ्ठा देतो म्हणून त्यांना आत बोलावलं होतं, आणि पहारेकऱ्यांनी मारून टाकलं. प्रेतं वैद्यकीय अभ्यासासाठी विकायची होती. एक जण मेल्याचं सोंग करून वाचला आणि त्याने पोलिसांना सांगितलं. १ मार्च हा दिवस म्हणून जगभरचे कचरावेचक पाळतात.

पुठ्ठा देतो म्हणून. मी हे वाचलं त्या रात्री झोप आली नाही.

माझा पुढचा फुटका ग्लास दोन महिन्यांनी झाला. या वेळी मी चार वर्तमानपत्रांत गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर जाड अक्षरांत 'काच' लिहिलं आणि हातात दिलं. मावशींनी पुडकं उलटसुलट केलं. "काय लिवलंय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाचता येतंय व्हय? लाल दोरा बांधा. लाल लांबनं दिसतंय." सॅनिटरी पॅडबद्दलही त्यांनी त्याच दमात सांगितलं. ती कागदात गुंडाळून लाल खूण करून वेगळी द्या, कारण उघडी आली तर त्यांना ती हाताने बाकीच्यातून सोडवावी लागतात. हे आजवर कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पुरुषमाणूस दारात असतो. पुण्यात 'स्वच्छ'च्या बायकांनी २०१३ मध्ये वापरलेली पॅड्स बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत धाडून विचारलं होतं, की ही गुंडाळायला पिशवी तुम्ही का देत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पिशवी द्यावी असं आलं. नियमांत आलं, आमच्या जिन्यापर्यंत ते पोचायला लाल दोराच लागला.

कावीळच्या दुसऱ्या डोसची तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. ती येऊन गेली. मी विचारलं तर म्हणाल्या, दवाखाना नऊ ते बारा, त्याच वेळात फेरी. बदली बाई मिळाली नाही. मग एका बुधवारी त्या गेल्या, उशिरा का होईना. डॉक्टर म्हणाल्या चालेल, पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, तिसरा मात्र चुकवू नका. त्या बुधवारी आमच्या इमारतीत कुणी आलं नाही. दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर सतरा निरोप पडले. वास येतोय, ही काय पद्धत, दुसरी एजन्सी बघूया. मी लिहिलं की त्या लस घ्यायला गेल्या आहेत, काचेने कापल्यावर सुरू केलेली, आणि काच माझी होती. ग्रुप गप्प झाला. नंतर कुणी तरी दुसऱ्याच विषयावर लिहिलं.

गुरुवारी त्या सव्वासातला आल्या. प्रत्येक दारात दोन दिवसांचा कचरा होता, गाडी दुसऱ्याच मजल्याच्या मालाने भरली आणि खाली जाऊन रिकामी करून पुन्हा वर यावं लागलं. सुट्टीचं ओझं असं दुपटीने परत येतं, हे मला तेव्हा दिसलं. मी बादली द्यायला जिन्यात उभी होते. दंड दुखत असावा, त्या डावीकडून ओढत होत्या. गाडीच्या दांड्याला एक वेगळी पिशवी टांगली होती. तिच्यात माझं नसलेलं एक पुडकं होतं, वर्तमानपत्रात बांधलेलं, लाल दोऱ्याचं. "ही कुणाची?" मी विचारलं. त्यांनी पुडकं कानाजवळ नेऊन हलकेच हलवलं, ऐकलं.

"बल्ब हाय," म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावरचा."